अ‍ॅप बसवा, पाहुणे भिजवा

पर्वरीतल्या आमच्या सोसायटीने इंटरकॉम भंगारात काढला आणि गेटवर टॅब्लेट आणला. पाहुणा आला की वॉचमन त्याचे नाव नि फ्लॅट नंबर टाकतो, तुमच्या फोनवर सूचना येते, तुम्ही Approve दाबले की पाहुणा आत. पाण्याची टाकी धुण्यापासून मीटिंगपर्यंतच्या नोटिसाही तिथेच. तरीही काही घरांत अजून पाहुणे वेळेवर पोचतात असे कानावर आले. त्या मागासलेल्या शेजाऱ्यांसाठी ही पत्रिका.

अ‍ॅप स्वतः बसवू नये. मीटिंग संपली की फोन कमिटीतल्या कुणाच्या तरी भाच्याच्या हाती द्यावा आणि आपण भजी खावीत.

फोनबुक, लोकेशन, मायक्रोफोन, अ‍ॅप जे जे मागेल ते देऊन टाकावे. पाहुण्याचा आगाऊ पास काढताना नंबर हातानेही टाकता येतो, पण दहा आकड्यांसाठी बोटे कोण झिजवणार? त्यापेक्षा अख्खे फोनबुक दिलेले बरे. पाहुणा गेटवर असतो हे वॉचमनला दिसतेच. आपण कुठे आहोत हेही कुणाला तरी कळायला नको का?

नोटिफिकेशनची परवानगी मात्र देऊ नये. दिवसभर टुंग टुंग कोण ऐकणार! भाच्याने माझ्या फोनवर Don't allow दाबले, अ‍ॅपने पुन्हा विचारले, त्याने पुन्हा दाबले. दोनदा नाही म्हटले की अँड्रॉइड तिसऱ्यांदा विचारू देत नाही. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून नवीन अ‍ॅपला सूचना दाखवायलाही अशी परवानगी लागते. म्हणजे अ‍ॅप उघडून पाहिले तर सगळे झकास: माझे नाव, फ्लॅट, नोटिसा, सगळे जागच्या जागी. नाही म्हणायला फक्त फोन वाजत नाही. आणि न वाजलेला फोन कुणाला ऐकू येतो?

चवथीच्या आदल्या दिवशी सावईवेऱ्याहून मावशी आली. सत्तरी उलटलेली बाई, बस बदलत, माटोळीचे सामान घेऊन: कवंडळे, तोरिंगे, सुपारीचा घड, परसातली काकडी. वॉचमनने नोंद केली. टॅब्लेटवर ‘प्रतीक्षा’. मी वर, फोन समोर टेबलावर, माटोळीच्या चौकटीला दोरी बांधतोय. सूचना आली नाही. उत्तर मिळाले नाही की अ‍ॅप फोन लावते, पण नोंदवलेल्या पहिल्या नंबरला. आणि तिथे भाच्याने माझ्या मुलाचा नंबर घातलेला. मुलगा बेंगळुरूत. अनोळखी नंबर म्हणून त्याने कापला. मावशीचा मोबाईल चार्ज संपून गप्प. “आजी, ग्रीन नहीं आया,” म्हणून वॉचमन हात जोडून उभा, कारण ग्रीन नसताना सोडले तर त्याचा पगार कापणार असे याच कमिटीने सांगितलेले. चाळीस मिनिटे! पावसात! छत्री एक, पिशव्या तीन! शेवटी तळमजल्यावरची मोलकरीण वर येऊन सांगून गेली. मावशी काही बोलली नाही. पिशवीतून ओली काकडी काढून माझ्या हातात दिली, एवढेच.

भाच्याचे म्हणणे, “अंकल, अ‍ॅप तर चालू आहे.”

फोन ‘स्वच्छ’ करणारे दुसरे अ‍ॅपही जरूर ठेवावे. त्याने गेटच्या अ‍ॅपचे Force stop केले की तुम्ही ते पुन्हा उघडेपर्यंत सूचनाच येत नाहीत. शांतता.

पुरे झाली थट्टा. अरे, सभासदांच्या फोनवर काय दाबतोय ते बघायची अक्कल नसेल तर फोनला हात कशाला लावता? आणि तुम्ही शेजारी, आपला फोन दुसऱ्याला देऊन भजी खाता? मीही खाल्ली, म्हणूनच बोलतोय. Settings उघडा, Apps मध्ये हे अ‍ॅप शोधा. Notifications चालू करा. तिथेच Battery मध्ये Unrestricted निवडा, नाहीतर काही फोन रात्रभर पडून राहिले की अ‍ॅपला झोपवून टाकतात आणि सकाळचा दूधवाला खोळंबतो. काही कंपन्यांच्या फोनवर Autostart नावाचे वेगळे बटण असते, तेही चालू करा. Permissions मध्ये Contacts आणि Location बंद करा. गेट त्याशिवाय उघडते, मी करून पाहिले आहे. अ‍ॅपमध्ये पहिला नंबर घरात असणाऱ्या माणसाचा घाला. पुण्यातल्या लेकीचा नको, दुबईतल्या जावयाचा नको!

रविवारी संध्याकाळी सहा वाजता मी वॉचमनकडून प्रत्येक फ्लॅटच्या नावाने एक खोटा पाहुणा टाकणार आहे. अ‍ॅप उघडून बसू नका, फोन तासभर आधीच बाजूला ठेवा. नाहीतर चाचणीला अर्थ नाही. ज्याचा फोन वाजणार नाही त्याने फोन घेऊन खाली यावे. भाच्याने येऊ नये.