शून्याजवळचा सहगुणक म्हणजे बिनमहत्त्वाची सेवा नव्हे

"फीडबॅक फॉर्ममधल्या एकूण समाधानावर सगळ्या सेवांचे गुण टाकून रिग्रेशन चालवा. ज्या सेवेचा सहगुणक सर्वांत मोठा, तिच्यात पैसे घाला. ज्या सेवेचा शून्याजवळ, तिच्यावरचा खर्च थांबवा. आकडे खोटं बोलत नाहीत."

फीडबॅक फॉर्म हाताळताना मिळणारा हा सल्ला दोन्ही टोकांना फसतो. सहगुणक म्हणजे बाकीच्या सेवा तेवढ्याच धरून रिग्रेशन एका सेवेच्या गुणांना देतं ते वजन. आधी सर्वांत मोठ्या सहगुणकाचं बघू. दवाखान्याच्या फॉर्मवर दोन प्रश्न आहेत असं धरा: डॉक्टरांनी नीट समजावलं का, आणि कर्मचाऱ्यांचं वागणं कसं होतं. एकूण समाधानाशी पहिल्याचा सहसंबंध ०.७०, दुसऱ्याचा ०.६५, आणि दोघांचा आपसात ०.८०. आपसातला एवढा मोठा आकडा अशा फॉर्मांत नवा नाही, कारण खूश झालेला पेशंट सगळीकडे पाचावरच खूण करत खाली येतो. आता पहिल्याचा प्रमाणित सहगुणक काढा:

```
(०.७० − ०.८० × ०.६५) ÷ (१ − ०.८०²) = ०.५०
```

दुसऱ्याचा याच रीतीने ०.२५ येतो. म्हणजे समजावणं वागण्याच्या दुप्पट महत्त्वाचं? पुढच्या महिन्यात ०.७० चं ०.६७ झालं आणि ०.६५ चं ०.६८, तर सहगुणक होतात ०.३५ आणि ०.४०. क्रमच उलटला! दीडशेएक फॉर्मांच्या नमुन्यात एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. प्रश्न एकमेकांत किती गुंतलेत हे मोजणारा व्हीआयएफ तपासून उपयोग नाही. इथे तो २.८ च्या आसपास येतो आणि ५ च्या रूढ मर्यादेतून आरामात सुटतो.

त्यापेक्षा समाधानातला किती चढउतार मॉडेल उलगडतं हे सांगणाऱ्या आर-स्क्वेअरची शॅप्ली पद्धतीने सेवांमध्ये वाटणी करा. एखादी सेवा मॉडेलमध्ये आधी घातली तर किती भर पडते आणि नंतर घातली तर किती, याची ती सरासरी असते. पहिल्या महिन्यात वाटे साधारण ५७ आणि ४३ टक्के पडतात, दुसऱ्यात ४९ आणि ५१. दोन्ही सेवा जवळपास तोलामोलाच्या आहेत, हे यातून दिसतं. अर्थात खुशीत सरसकट दिलेले गुण ही वाटणीही धुऊन काढत नाही, आणि वागणं सुधारलं की समाधान वाढेलच याची हमीही देत नाही.

शून्याजवळच्या सहगुणकावरून खर्च थांबवण्याचा सल्ला मला जास्त धोक्याचा वाटतो. स्वच्छतेला जवळजवळ सगळ्यांनीच पाच दिले असतील, तर त्या रकान्यात चढउतारच उरत नाही, मग सहसंबंध कशाचा निघणार? सफाई आज चोख आहे म्हणून ती मॉडेलला दिसत नाही. शिवाय तिचा परिणाम बहुधा एकाच बाजूने होतो: चाराची पाच झाली तर कोणी फारसं हरखत नाही, दोन झाली तर एकूण गुण कोसळतात. सरळ रेषेच्या मॉडेलला ही घसरण सपाट दिसते.

म्हणून स्वच्छतेला तीन किंवा कमी देणाऱ्यांचे फॉर्म वेगळे काढा आणि त्यांच्या एकूण समाधानाची सरासरी बाकीच्यांशी ताडून बघा. असे फॉर्म पाच-सहाच निघाले, तर सफाईचं बजेट कापायला हा सर्व्हे आधार म्हणून वापरू नका.