आरएसआय ३० खाली गेला म्हणून घेतला, तरी पडला: दोन तारे देणाऱ्या विद्यार्थ्याला क्लासचं उत्तर

★★☆☆☆
"तीन महिने रविवार घालवले. आधी शिकवलं की आरएसआय ३० च्या खाली गेला की शेअर स्वस्त, घ्या. मग शिकवलं की भाव सरासरीच्या खाली असेल तर हात लावू नका. एकाच चार्टवर एक इंडिकेटर घ्या म्हणतो, दुसरा विका. मी आरएसआय बघून घेतला, पडला, अजून घेतला, अजून पडला. ३८ हजार गेले. सरांना विचारलं तर म्हणाले, मार्केट बघून ठरवायचं. ते कसं बघायचं हेच तर शिकायला आलो होतो."

नमस्कार,

तुमचं शेवटचं वाक्य बरोबर आहे आणि चूक आमची आहे. आरएसआय आणि बोलिंजर बँड आम्ही तिसऱ्या रविवारी शिकवत होतो आणि मार्केट ट्रेंडमध्ये, म्हणजे एकाच दिशेला चाललंय, की रेंजमध्ये, म्हणजे एका पट्ट्यात वरखाली होतंय, हे ओळखायचं नवव्या रविवारी. मधले सहा आठवडे विद्यार्थ्याच्या हातात हत्यार होतं, पण ते कुठे चालवायचं हे माहीत नव्हतं. नुकसानीचा आकडा वाचून वाईट वाटलं. "मार्केट बघून ठरवायचं" म्हणजे काय, ते इथेच सविस्तर लिहितो. उदाहरणं जुनी आहेत, कारण शिकवणाऱ्यांनी ताजे भाव दाखवण्यावर सेबीचं बंधन आहे.

दोन इंडिकेटर एकमेकांविरुद्ध बोलतात, कारण ते दोन वेगळ्या घराण्यांचे आहेत. मूव्हिंग अ‍ॅव्हरेज, सुपरट्रेंड ही मंडळी धरून चालतात की भाव ज्या दिशेला निघालाय तिकडेच जात राहील. आरएसआय, बोलिंजर बँड असं धरतात की भाव ताणला गेलाय, तो मधे परत येईल. दोघांना एकाच वेळी विचारलं तर भांडण होणारच. आधी ठरवायचं असतं ते कोणाला विचारायचं.

जानेवारी २०१९ चा निफ्टी घ्या. ३१ डिसेंबरला बंद भाव १०,८६२, ३१ जानेवारीला १०,८३०. महिनाभरात फरक फक्त ३२ अंकांचा. पण रोजचे चढउतार, वरचे आणि खालचे, सगळे एकत्र मोजले तर निफ्टी १,३३५ अंक चालला. आता फेब्रुवारी २०२०. १२ तारखेला बंद १२,२०१ आणि २८ तारखेला ११,२०१. अकरा सत्रांत फरक हजार अंकांचा, आणि रोजची चाल एकत्र केली तर साधारण १,२६५. दोन्ही वेळा पायपीट जवळपास सारखीच झाली. एकदा माणूस अंगणातच फेऱ्या मारत होता, एकदा सरळ गावाबाहेर निघून गेला.

निव्वळ फरकाला एकूण चालीने भागा. जानेवारी २०१९ चं उत्तर ०.०२, फेब्रुवारी २०२० चं ०.७९. उत्तर १ च्या जवळ असेल तर ट्रेंड, शून्याच्या जवळ असेल तर रेंज. याला एफिशियन्सी रेशो म्हणतात. वहीत बंद भाव लिहून कोणीही काढू शकतो. आम्ही एडीएक्सही शिकवतो, पण तो दोनदा सरासरी काढून बनतो, म्हणून उशिरा बोलतो. शिवाय दिशा सांगत नाही, फक्त जोर सांगतो. सुरुवातीला वहीतला भागाकार जास्त समजतो, असा माझा अनुभव आहे.

रेंजमध्ये ट्रेंडवाल्याचं काय होतं? जानेवारी २०१९ मध्ये दहा दिवसांच्या सरासरीवर चालणारा माणूस ११ तारखेला १०,७९४ ला बाहेर पडला, कारण भाव सरासरीखाली बंद झाला. दोनच सत्रांनी, १५ तारखेला, भाव १०,८८६ ला वर बंद झाला, म्हणून परत आत आला. २३ तारखेला १०,८३१ ला पुन्हा बाहेर. प्रत्येक वेळी नियम पाळला आणि प्रत्येक वेळी खिसा कापला गेला.

आता तुमची बाजू. २८ फेब्रुवारी २०२० ला निफ्टीचा दैनिक आरएसआय ३० च्या खाली होता. त्या दिवशी ११,२०१ ला घेणाऱ्याला ३ मार्चला ११,३०३ दिसले, म्हणजे शंभर अंकांची उसळी. ज्याने तेवढ्यावर विकलं नाही, त्याने २३ मार्चला ७,६१० पाहिले. ११,२०० वर बंद यायला जुलैचा उत्तरार्ध उजाडला. याउलट जानेवारी २०१९ च्या रेंजमध्ये आरएसआय ३० पर्यंत गेलाच नाही, तरी खाली घेऊन वर विकणाऱ्याचं काम झालं. म्हणून आता वर्गात पहिल्याच दिवशी सांगतो: निर्देशांकाच्या दैनिक चार्टवर ३० खालचा आरएसआय बऱ्याचदा "स्वस्त झालंय" असं सांगत नसतो, "रेंज फुटली आहे" असं सांगत असतो.

पण नुसत्या भागाकारावर विसंबू नका, तो फसवतो. ३० जानेवारी २०१९ ला मागच्या अकरा सत्रांचा रेशो काढला तर ०.५६ येतो, म्हणजे ट्रेंड. भाव तेव्हा रेंजच्या तळाशी होता आणि दुसऱ्या दिवशी १७९ अंक वर गेला. रेंजच्या काठावर भाव नेहमी सरळ चालतच पोचतो, त्यामुळे छोट्या खिडकीतून तो ट्रेंडच दिसतो. मोठी खिडकी घेतली तर उलटी अडचण. २८ फेब्रुवारी २०२० ला वीस सत्रांचा रेशो ०.३३ च येतो, कारण १ फेब्रुवारीच्या बजेटची ३०० अंकांची आपटी आणि ४ तारखेची २७१ अंकांची उडी त्यात मिसळते.

म्हणून जोडीला एक प्रश्न विचारायचा: मागच्या दोन महिन्यांचा सगळ्यात खालचा बंद भाव तुटला का? ३० जानेवारी २०१९ ला बंद १०,६५१ होता, तळ १० डिसेंबरचा १०,४८८. तुटला नव्हता, म्हणून रेंज धरा आणि दुसऱ्या घराण्याला विचारा. २८ फेब्रुवारी २०२० ला बंद ११,२०१, ही पडझड सुरू होण्याआधीचा तळ बजेटच्या दिवसाचा ११,६६१. साडेचारशे अंक खाली. तिथे आरएसआय बंद करून ठेवायचा. एक उत्तर ट्रेंड म्हणतंय आणि दुसरं रेंज, तर माल कमी घ्या. दोन्ही धूसर असतील तर त्या दिवशी घेऊच नका.

हेही मागचंच बघून सांगतं. २३ मार्च २०२० ला बाजाराचा तळ लागला, तेव्हा दोन्ही कसोट्या पडझडच दाखवत होत्या. ट्रेंडवाला तळाला कधीच घेत नाही, ती त्याची किंमत आहे.

तुमच्या दुसऱ्या खरेदीबद्दल मात्र स्पष्ट बोलतो. भाव परत येईल या भरवशावरच्या सौद्यात नफा छोटा असतो आणि वारंवार होतो, तोटा क्वचित होतो पण मोठा. पडत्या भावात अजून घेतलं की तो क्वचितचा तोटा दुप्पट होतो. पहिल्या खरेदीच्या वेळीच स्टॉपलॉस लिहून ठेवायचा, हे आम्ही तोंडी सांगितलं पण सरावात करून घेतलं नाही. तीही आमचीच कमतरता.

या बॅचपासून रेंज की ट्रेंड हा भाग दुसऱ्या रविवारी आणला आहे. तो आणि त्याच्या पुढचे दोन रविवार तुम्ही फी न भरता येऊन बसा, स्वतःच्या सौद्यांची वही घेऊन या. तुमच्या शेअरचे त्या दिवसांचे बंद भाव आपण फळ्यावर मांडू आणि पहिल्या खरेदीच्या दिवशी दोन्ही प्रश्नांची उत्तरं काय होती ते मिळून काढू. यायचं नसेल तर क्लासच्या नंबरवर कळवा, नवव्या रविवारपासून पुढची फी परत करतो.