वेग धरला आहे, गुणांकात बघा

पाटातला विसर्ग विअरने, म्हणजे पाण्याच्या वाटेत आडव्या लावलेल्या पात्याने, कसा मोजायचा यावर मी लेख लिहिला होता. त्यावर आलेली प्रतिक्रिया: "साहेब, विअरवरून विसर्ग काढताना तुम्ही येणाऱ्या पाण्याचा वेग धरलाच नाही. गेजवर वाचलं आणि तेच सूत्रात टाकलं, हे डिप्लोमाच्या पोरालाही शोभत नाही. 0.635 गुणांकही पटला नाही, आम्ही 0.62 घेतो. पाती किती धारदार हवी त्याचा उल्लेख नाही. आकृतीत P मीटरऐवजी सेंटिमीटरमध्ये. अनुभवाच्या गप्पा मारण्याआधी तपासा."

आकृतीतलं एकक चुकलं होतं. काल रात्रीच दुरुस्त केलं, आभार. पण "डिप्लोमाच्या पोरालाही" हे वाक्य मला लागलं. मी स्वतः डिप्लोमा केलेला माणूस आहे आणि पुण्याच्या आसपासच्या चाऱ्यांवर गेज वाचण्यात माझी बावीस वर्षं गेली. चूक दाखवा, पण माणसाची लायकी काढायची गरज नव्हती.

आता वेगाचं. लेखातलं उदाहरण परत घ्या. पाट 1 मीटर रुंद, विअर पूर्ण रुंदीची, तळापासून माथा P = 0.50 मीटर, माथ्यावर पाणी h = 0.20 मीटर. मी रेहबॉकचं सूत्र वापरलं होतं:

```
Cd = 0.602 + 0.083 h/P
Q  = (2/3) Cd √(2g) b (h + 0.0012)^1.5
```

h/P होतो 0.4, म्हणून गुणांक Cd 0.635 आणि विसर्ग सेकंदाला 169 लिटर. रेहबॉकने हे सूत्र प्रयोगांतून बसवलं, आणि त्यात h म्हणजे गेजवर दिसणारी पाण्याची उंचीच. माथा तळाच्या जितका जवळ, तितकं पाणी वेगात येतं. तो परिणाम h/P च्या पदात आधीच आहे. म्हणूनच गुणांक 0.602 वर न थांबता 0.635 पर्यंत चढतो.

तुमच्या म्हणण्याप्रमाणे केलं तर काय होतं ते बघा. विअरच्या वर पाण्याची खोली 0.70 मीटर, म्हणून वेग सेकंदाला सुमारे 0.24 मीटर आणि त्याची वेग-उंची, म्हणजे त्या वेगाइतकी पाण्याची जादा उंची, 3 मिलिमीटर. ती h मध्ये मिळवून पुन्हा 0.635 लावला तर विसर्ग येतो 173 लिटर. वेग दोनदा मोजला गेला. साडेतीन-चार लिटर किरकोळ वाटतील, पण चोवीस तासांत ते तीन लाख लिटरच्या वर जातात आणि पाणीवाटपाच्या हिशेबात कुणाच्या तरी नावावर चढतात. वेग-उंची वेगळी धरायची असेल तर गुणांकही तसा घ्यावा लागतो, ज्यात वेगाचा भाग नाही असा. दोन पद्धतींचे अर्धे अर्धे तुकडे जोडता येत नाहीत. 0.62 बद्दल म्हणाल तर, P बदलला तरी तो बदलत नाही, यापलीकडे मला काही म्हणायचं नाही.

मी खरी चूक कुठे केली होती तेही सांगतो, कारण लेखात सगळ्यात जास्त जागा मी त्यालाच दिली होती आणि तुम्ही ती वाचलेली दिसत नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, लोणी काळभोरकडच्या एका चारीवर, पाणी बंद झाल्यावर विअरवरून ओघळ थांबला तशी मी गेजची पट्टी त्या पातळीला शून्यावर आणून घट्ट केली. पण पाणी पात्याच्या धारेला धरून राहतं, माथ्याच्या दोन-तीन मिलिमीटर वर फुगून थांबतं. माझं शून्यच तेवढं वर बसलं. पुढे माथ्यावर 60 मिलिमीटर पाणी असताना मी 57 वाचत होतो, म्हणजे विसर्ग साडेसात टक्के कमी. शेवटच्या शेतकऱ्याला पाणी पुरलं की नाही यावरून भांडण झालं तेव्हा वरिष्ठांनी लेव्हल मशीन लावून माथ्याची पातळी थेट गेजवर आणली आणि फरक माझ्यासमोर दाखवला. त्यानंतर मी ओघळ पाहून शून्य कधी लावलेलं नाही. गेजही विअरपासून h च्या किमान चौपट मागे ठेवतो, या उदाहरणात 0.80 मीटर. त्याहून जवळ पाणी माथ्याकडे खाली झुकू लागतं आणि उंची कमी वाचली जाते.

वेगावर बोलायचंच असेल तर गाळावर बोला. वर 25 सेंटिमीटर गाळ साचला तर P निम्मा होतो, गुणांक 0.668 वर जातो, आणि माथ्यावर तेच 20 सेंटिमीटर पाणी असताना विसर्ग 178 लिटर. जुना P धरून बसलात तर पाच टक्के पाणी हिशेबाबाहेर जातं. पात्याच्या धारेचं वेगळ्या लेखात येईल.

तुमच्या चारीवर स्टाफ तळापर्यंत टेकवून आजचा P मोजा आणि कळवा. गणित मी करून देतो.