डोक्याची गोळी, घामावर कशी? : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: “मॅडम, केमोनंतर पाळी जाते त्यावरचा तुमचा लेख वाचून वाईट वाटलं. माझी बहीण 42 वर्षांची आहे. केमो झाली, पाळी गेली, आता टॅमॉक्सिफेन चालू आहे, रात्रंदिवस घामाने भिजते. तिने डिप्रेशनची गोळी घ्यायची? ती वेडी नाही. आमच्या शेजारच्या काकींना शतावरी आणि सोयाबीनने आराम पडला, त्यावर तुम्ही एका ओळीत काट मारलीत. एवढा खर्च झाल्यावर आणखी गोळ्या कशाला?” (एक वाचक, वेंगुर्ला)

दादा, चूक माझीच आहे. “डिप्रेशनवरच्या काही गोळ्यांनी घाम कमी होतो” एवढं लिहून मी पुढे गेले. त्यातली कुठली चालते आणि कुठली अजिबात नको, हे लिहिलंच नाही. स्तनाचा कॅन्सर परतू नये म्हणून इस्ट्रोजेन या बायकांच्या संप्रेरकाला अडवणारं टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईला नेमकं तेच कळायला हवं होतं. ते आज सविस्तर लिहिते.

माझी पाळी केमोने 41 व्या वर्षी गेली. नेहमीच्या वयात शरीर हळूहळू सवय करून घेतं, इथे काही महिन्यांतच इस्ट्रोजेन खाली येतं. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी जागा आहे. ती इस्ट्रोजेन कमी झालं की चिडखोर होते, अंग जरा तापलं तरी “फार झालं” म्हणून त्वचेच्या रक्तवाहिन्या उघडते आणि घाम सोडते. टॅमॉक्सिफेन त्यात भर घालतं. मे महिन्यात देवगडात सगळेच घामाघूम असतात, म्हणून घरच्यांना माझं म्हणणं पटेना. मग श्रावण आला. बाहेर पाऊस, पडवीत गारवा, आणि पहाटे तीनला माझ्या छातीतून वाफ निघून कानापर्यंत चढायची, छाती धडधडायची, दोन-चार मिनिटांत झगा ओला आणि पाठोपाठ हुडहुडी. उकाड्याचा घाम असा येत नाही. (केमो चालू असताना अंग तापलं तर मात्र आधी थर्मामीटर लावा. 100.4 फॅरनहाइट किंवा वर असेल तर तो पाळी जाण्याचा त्रास समजू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.)

आता गोळीकडे येते. मेंदूतल्या त्या जागेवर सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन या रसायनांचाही अंमल चालतो. डिप्रेशनच्या काही गोळ्या हीच रसायनं वाढवतात. त्यामुळे घामावरचा उपयोग वेगळा आहे, मनाच्या आजाराशी त्याचा संबंध नाही. डोस लहान असतो, आणि डिप्रेशनला लागतात तसे महिना-दीड महिना थांबावं लागत नाही, फरक साधारण दोन आठवड्यांत कळतो.

पण घोटाळा इथेच होतो. टॅमॉक्सिफेन पोटात जातं तेव्हा ते अर्धं कच्चं असतं. यकृतातलं सीवायपी2डी6 नावाचं एन्झाइम त्याचं एन्डॉक्सिफेन बनवतं, आणि खरं काम तेच करतं. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन या दोन गोळ्या हे एन्झाइम जोरात अडवतात. म्हणजे घाम थांबेल, पण ज्यासाठी टॅमॉक्सिफेन घेतो तेच अर्धवट राहील. कॅनडातल्या ऑन्टारियोमधल्या 2010 च्या अभ्यासात टॅमॉक्सिफेनबरोबर पॅरॉक्सेटिन जितका जास्त काळ घेतलं, तितके स्तनाच्या कॅन्सरने मृत्यू जास्त दिसले. पुढच्या काही अभ्यासांत तसं दिसलं नाही, पण दुसरी चांगली गोळी असताना हा धोका कोण घेईल? गंमत म्हणजे अमेरिकेत 2013 साली घामासाठी मंजूर झालेली गोळी पॅरॉक्सेटिनच आहे, आणि इंटरनेटवर शोधलं की तीच आधी सापडते.

मला एका डॉक्टरांनी फ्लुओक्सेटिन लिहून दिली होती. गावातल्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी पाहून विचारलं, “ताई, टॅमॉक्सिफेन चालू आहे ना? मग एकदा कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन लावा.” फोन केला आणि व्हेनलाफॅक्सिन मिळाली. हे एन्झाइम ती फारसं अडवत नाही. सुरुवातीला 37.5 मिलिग्रॅम, जेवणानंतर, रोज एक, आठवड्याने 75.

डॉक्टरांनी त्याआधी एक आठवडा वही ठेवायला सांगितली. सौम्य झटक्याला 1, मध्यमला 2, जोराच्या झटक्याला 3, झोपेतून उठवून कपडे बदलायला लावणाऱ्याला 4. एका दिवसाचा माझा हिशेब असा: चार सौम्य, पाच मध्यम, दोन जोराचे, एक झोपमोडीचा. म्हणजे 4 आणि 10 आणि 6 आणि 4, एकूण 24. 75 मिलिग्रॅमवर दोन आठवडे झाल्यावर आकडा 10 वर आला. घाम पुरता गेला नाही, पण रात्री उठणं कमी झालं, आणि मला तेवढं पुरे होतं.

वहीचा मुद्दा शतावरीला लागू आहे. व्हेनलाफॅक्सिनच्या 2000 सालच्या मोठ्या चाचणीत 75 मिलिग्रॅमने हा आकडा 61 टक्के उतरला, आणि औषधच नसलेल्या दिखाऊ गोळीनेही 27 टक्के उतरला. म्हणजे विश्वासाने काही घेतलं आणि महिना गेला तरी थोडा आराम पडतोच. काकींना कॅन्सर नव्हता, पाळी वयाप्रमाणे गेली, त्यांचा त्रास आपसूक कमी झाला असेल, किंवा शतावरीने झाला असेल, मला ठाऊक नाही. बहिणीसाठी मात्र पेच आहे. शतावरी इस्ट्रोजेनसारखं काम करून आराम देत असेल, तर टॅमॉक्सिफेन जे अडवतंय तेच आपण मागल्या दाराने आत घेतोय. तसं करत नसेल, तर मग ती घ्यायची कशाला? सोयाबीनबाबत मी जास्तच कडक लिहिलं. जेवणातलं सोयाबीन चालतं, चीनमधल्या मोठ्या अभ्यासात त्याने कॅन्सर वाढलेला दिसला नाही. सोयाच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र नकोत, त्यांनी घाम कमी होईलच असंही नाही.

व्हेनलाफॅक्सिनचे तोटेही सांगते. पहिला आठवडा मळमळलं, तोंड कोरडं पडलं, पोट साफ होईना. रक्तदाब वाढू शकतो, म्हणून मी दर महिन्याला मोजते. आणि ती अचानक बंद करायची नाही. गेल्या आगोटीला घाट दोन दिवस बंद होता, माझी पट्टी संपली, आणि डोक्यात वीज चमकल्यासारखं होऊन चक्कर यायला लागली. तेव्हापासून पंधरा दिवसांचा साठा घरात असतो. सोडायची असेल तर डॉक्टरांना विचारून हळूहळू. ज्यांना ती सोसत नाही किंवा त्रास मुख्यतः रात्रीचा आहे, त्यांना झोपताना गॅबापेन्टिन 300 मिलिग्रॅम देतात. त्याचाही टॅमॉक्सिफेनशी झगडा नाही, फक्त सकाळी गरगरतं, तेव्हा विहिरीवर सांभाळून.

एक गोष्ट बहीण तुम्हाला सांगणार नाही, म्हणून वहिनींकरवी पोचवा. केमोने थांबलेली पाळी 42 व्या वर्षी महिन्यांनी परत येऊ शकते, आणि पाळी नसतानाही दिवस राहू शकतात. टॅमॉक्सिफेनवर गर्भाला धोका असतो. म्हणून कॉपर टी किंवा निरोध लागतोच. कोरडेपणासाठी इस्ट्रोजेन नसलेलं योनीचं मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा लावतात. निरोध वापरत असाल तर खोबरेल नको, रबर फाटतं.

पुढच्या वेळी बहिणीला दाखवायला न्याल, तेव्हा वहीचा एक आठवडा आणि चालू गोळ्यांची सगळी पाकिटं बरोबर घ्या, शतावरी कल्पाचा डबाही. मी दिलेलं नाव चिठ्ठीवर दिसलं नाही तरी भांडू नका, फक्त विचारा: “ही टॅमॉक्सिफेनबरोबर चालते ना?”