पैसे सकाळी भरले, पण पॉलिसी कधी सुरू झाली?

गाडीचा इन्शुरन्स पॉलिसीवर लिहिलेल्या वेळेपासूनच लागू होतो, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर एका वाचकाने लिहिलंय:

"लेख पटला नाही. 10 तारखेची पॉलिसी म्हणजे 10 तारीख अख्खी धरायलाच हवी ना? पैसे घेतलेत ना त्यांनी? तासामिनिटांचा हिशोब ही कंपन्यांची पळवाट आहे आणि तुम्ही त्यांचीच बाजू घेताय."

बाजू वगैरे काही नाही हो, उलट अर्धं तुमचंच बरोबर आहे. पॉलिसीवर नुसती तारीख असेल, वेळ लिहिलेलीच नसेल, तर ती तारीख आदल्या रात्री 12 ला सुरू झाली असंच धरायचं, हे सुप्रीम कोर्टाने 1990 मध्ये राम दयाल केसमध्ये सांगितलंय. पण वेळ लिहिली असेल तर तारीख बाजूला राहते आणि घड्याळच चालतं. सुनीता राठी केसमध्ये अपघात 10 डिसेंबर 1991 ला दुपारी 2:20 ला झाला आणि गाडीच्या मालकाने इन्शुरन्स काढला 2:55 ला, तारीख तीच, पण फरक 35 मिनिटांचा, आणि कोर्टाने कंपनीला मोकळं केलं. मला यात पळवाट दिसत नाही, नाहीतर धडक झाल्यावर पळत जाऊन पॉलिसी काढणं हाच धंदा झाला असता.

आता पैशांचं. प्रीमियम मिळाल्याशिवाय कंपनी रिस्क घेत नाही, कायद्यातच तसं आहे. पण पैसे मिळाले की त्याच क्षणी कव्हर सुरू, असं मात्र त्यात कुठे म्हटलेलं नाही, आणि आपण सगळे नेमके इथेच फसतो.

माझ्या चुलत भावाच्या टेम्पोचंच घ्या. जुनी पॉलिसी 9 जून संपून 10 लागताना मध्यरात्री संपली, याच्या लक्षात आलं 10 ला सकाळी, 11:40 ला ऑनलाइन पैसे भरले, मेसेज आला, हा निवांत माल घेऊन बाहेर पडला. चारच्या सुमारास एका बाइकला घासला. नशीब, कोणाला लागलं नाही, पण पॉलिसी उघडून बघतो तर सुरुवात 11 जून 00:00. म्हणजे 10 ला रात्री 12 वाजून 11 तारीख लागते तो क्षण, आणि त्याच्या आधीचे 24 तास टेम्पो उघडा! बाइकवाल्याचे पैसे त्याने स्वतःच्या खिशातून दिले. बरं, "मध्यरात्र" हा शब्दच गोंधळाचा आहे, आपण "10 ला रात्री 12 ला" म्हणतो तेव्हा कागदावर 11 लागलेली असते.

आणि अपघात किती वाजता झाला हे आपण सांगून भागत नाही, पोलिसांचा एफआयआर आणि हॉस्पिटलच्या नोंदी बघतात. त्यामुळे वाद असेल तर पेमेंटचा मेसेज दाखवत बसू नका, पॉलिसीच्या पहिल्या पानावर "पासून" पुढे काय वेळ छापलीय ते बघा. तिथे फक्त तारीखच असेल तर तुम्ही म्हणताय तसंच, आणि मग मी तुमच्या बाजूने भांडेन.