शार्पनिंग वाढवून लांबची पाटी वाचता येत नाही, बुवा!

परवा राजेंद्रनगरहून पुतण्या पीसी घेऊन घरी आला. "काका, युरो ट्रक सिम्युलेटरमध्ये लांबच्या पाट्या दिसतच नाहीत, रीशेड टाकलं तरी." रीशेड म्हणजे गेमच्या तयार चित्रावर फिल्टर चढवणारं सॉफ्टवेअर. बघतो तर त्यातल्या LumaSharpen या शार्पनिंग फिल्टरची पट्टी ताणून 2.0 वर नेलेली, आणि रंग भडक करणारं Vibrance ही पार चढवलेलं. झाडांच्या कडेला पांढरी कड, विजेच्या तारांना दुहेरी रेघ, आणि आकाशात मुंग्या. पाटी मात्र तशीच धुरकट.

आता यात गंमत अशी की शार्पनिंग नवा तपशील आणत नाही. शेजारच्या दोन पिक्सेलांतला उजेडाचा फरक ते ओढून मोठा करतं, बस. लांबची पाटी गेमने पाच-सहा पिक्सेलांतच काढली असेल, तर अक्षरं मुळात तिथे नाहीतच. म्हणून आधी गेममध्येच स्केलिंग, म्हणजे चित्र किती पिक्सेलांत काढायचं ते, 100 टक्क्यांवरून 150 केलं आणि तिरप्या दिसणाऱ्या पृष्ठभागांचा तपशील टिकवणारं अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग वाढवलं. फ्रेमरेट घसरला, पण पाटीला अक्षरं आली.

दुसरं म्हणजे धुकं. डिसेंबरात सकाळी इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर उभं राहून बघा, लांबची इमारत अस्पष्ट नसते, फिकी असते. गेममध्येही तसंच, म्हणजे हे काम रंगाच्या फिल्टरचं. काळ्या-पांढऱ्याची हद्द ठरवणारं Levels लावलं. त्याचा BlackPoint मुळात 16 असतो, म्हणजे 0 ते 16 मधलं सगळं ठार काळं. दिवसा छान दिसतं, रात्री रस्त्याची कड गायब. आम्ही 6 वर आणलं, WhitePoint 235 वरून 250 केला. कुठे तपशील मरतोय ते बघायला त्यात एक खूण आहे, ती लावली की तपशील हरवू लागलेल्या सावल्या निळ्या दिसतात. रात्रीचा रस्ता निळा झाला, की थांबायचं.

मग क्रम. रीशेड यादीत वरून खाली चालतं. पुतण्याचं शार्पनिंग वर आणि रंग खाली होता, म्हणजे आधी कडा उचलल्या आणि मग कॉन्ट्रास्टने त्याच कडा पुन्हा ताणल्या. उलटं केलं, रंग आधी, शार्पनिंग शेवटी. sharp_strength 0.6, sharp_clamp 0.035 वरच ठेवलं. कडेची पांढरी रेघ हीच मर्यादा अडवते. अंदाज घ्यायला `show_sharpen` चालू करा. राखाडी पडद्यावर फक्त कडा दिसल्या पाहिजेत. आकाशात दाणे दिसले, तर जास्त झालं.

एक खोट मात्र राहतेच. रीशेड सगळं काढून झाल्यावर चालतं, म्हणून आरशातली आणि नकाशावरची अक्षरंही करकरीत होतात. आणि ऑनलाइन खेळात, अँटी-चीट असेल तर, हे लावायच्या आधी त्या खेळाचे नियम वाचा.

Vibrance आता 0.1 आहे. पुतण्याला वाटतं अजून थोडं हवं. ते आमचं रविवारी पोह्यांसोबत ठरेल.