झुरळं जाळीतून नाही, जाळीच्या खालून येतात

“बिल्डिंगमधली सगळी झुरळं ड्रेनेजच्या पाइपमधून सिंकच्या जाळीवाटे वर येतात. रात्री जाळीवर वाटी पालथी घाला, दोन डांबरगोळ्या टाका. आठवड्यातून एकदा खायचा सोडा आणि व्हिनेगर घालून वर उकळतं पाणी ओता. एकही झुरळ दिसणार नाही.”

असा सल्ला नेहमी ऐकू येतो. तो पाळण्याआधी झुरळ कोणतं आहे ते पाहा. दीड सेंटीमीटरचं, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळसर पट्टे असलेलं झुरळ गटारात राहत नाही. ते फ्रिजच्या मोटारीजवळ, कपाटाच्या बिजागरीत, मिक्सरच्या खाली राहतं आणि किराण्याच्या खोक्यांतून किंवा शेजारच्या घरातून भिंतीच्या फटीतून येतं. त्याच्यासाठी सिंकशी झगडून उपयोग नाही, तिथे झुरळं मारायच्या जेलचे ठिपकेच हवेत. तांबूस, चार सेंटीमीटरचं, अंगठ्याएवढं झुरळ मात्र खरोखर पाइपमधलं. पुढचं सगळं त्याच्याविषयी.

हे मोठं झुरळ कुठून येतं? आपल्याकडच्या बऱ्याच इमारतींत ओट्यांचं सांडपाणी एकाच उभ्या पाइपने खाली जाऊन गली ट्रॅपच्या चौकोनी खड्ड्यात पडतं. झुरळांची वस्ती तिथे आणि चेंबरमध्ये असते. उभ्या पाइपच्या आतल्या भिंतीला तेलकट थर असतो, त्याला धरून ती वरच्या मजल्यांपर्यंत चढतात. आता ओट्याखालचं कपाट उघडा. सिंकमधून निघालेला लवचिक, वळ्या असलेला वेस्ट पाइप भिंतीतल्या किंवा जमिनीतल्या पीव्हीसी पाइपमध्ये नुसता खुपसलेला दिसेल. सव्वा इंची पाइप दोन इंची तोंडात मधोमध बसला, तरी चहूबाजूंनी नऊएक मिलिमीटरची फट उरते. कौशिक जयराम आणि रॉबर्ट फुल यांनी २०१६ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की मोठं झुरळ अंग चेपून तीन मिलिमीटरच्या फटीतूनही निघतं. म्हणजे जाळीवरच्या वाटीला वळसा घालून ते थेट कपाटात उतरतं.

खात्री करायची असेल तर रात्री झोपण्याआधी त्या तोंडाभोवती रुंद चिकटपट्टी, चिकट बाजू वर करून, गोल अंथरा. सकाळी पाय किंवा अख्खं झुरळ चिकटलेलं मिळालं, तर वाट हीच.

डांबरगोळ्या मला सर्वांत जास्त खटकतात. त्यांची वाफ बंद पेटीत साचली तरच काही काम करते; सिंकमध्ये ती स्वयंपाकघरभर पसरते. नॅफ्थलीनच्या गोळीने लहान मुलांना, आणि जी६पीडी एन्झाइमची कमतरता असलेल्यांना, रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो. ताटं-वाट्या धुण्याच्या जागी ती नकोच. सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना निष्प्रभ करतात, फेस जिरला की उरतं खारट पाणी. उकळतं पाणी त्या क्षणी वाटेत सापडलेलं झुरळ मारेल, पण खाली जाताना ते निवतं आणि उभ्या पाइपमधली वस्ती तशीच राहते. उलट पीव्हीसी सुमारे ८० अंशांना मऊ पडू लागतं, त्यामुळे सांधे सैल होऊन फट वाढू शकते.

करायचं ते असं. वेस्ट पाइप बाहेर काढा. तोंडाची आतली कड साबणाने घासून तेल काढा आणि पूर्ण कोरडी करा. हार्डवेअरच्या दुकानात दोन्ही पाइपांची मापं सांगून रबरी रिंग घ्या. ती वेस्ट पाइपवर चढवून तोंडात घट्ट दाबा. पाइपच्या वळ्यांमुळे बारीक फट राहिली, तर सिलिकॉन भरा आणि २४ तास पाणी सोडू नका. पांढरं सिमेंट लावू नका, कारण पाइप हलला की ते तडकतं आणि तुंबल्यावर पाइप काढायला तेच फोडावं लागतं. पाइप भिंतीत जिथे शिरतो तिथली बाहेरची, डक्टकडची फटही बुजवा.

सिंकखाली ट्रॅप, म्हणजे थोडं पाणी कायम साठवून ठेवणारा भाग, नसेल तर प्लंबरकडून बसवून घ्या. त्यातलं पाणी दार लावल्यासारखं काम करतं, पण कडीकुलूप नव्हे: मोठं झुरळ बराच वेळ श्वास रोखू शकतं, म्हणून जाळीही बारीक छिद्रांची ठेवा. स्वयंपाकघरातला बॉटल ट्रॅप तेलाने लवकर तुंबतो, तो अधूनमधून उघडून धुवा. न वापरल्या जाणाऱ्या बाथरूममधल्या किंवा ड्राय बाल्कनीतल्या नहाणी ट्रॅपचं पाणी काही आठवड्यांत आटतं आणि रस्ता मोकळा होतो. तिथे आठवड्याला तांब्याभर पाणी ओता. गावी जाताना वर दोन चमचे गोडंतेल घाला, म्हणजे पाणी सावकाश उडेल.

एवढं केल्यावर तुमच्या घराची वाट बंद होईल, उभ्या पाइपमधली झुरळं मात्र शेजाऱ्यांकडे जातील. म्हणून सोसायटीला लेखी कळवा: गली ट्रॅप आणि चेंबरची तुटकी झाकणं बदला, आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला घरांबरोबर चेंबरमध्येही औषध मारायला सांगा.